थांबलेल्या टेबलाची येरझार

जुन्या मिलिंग मशीनवर सर्व्हो मोटर, बॉलस्क्रू आणि काचेची स्केल बसवून ते सीएनसी करून घेण्याचे काम भोसरीपासून शिरोलीपर्यंतच्या औद्योगिक वसाहतींत नेहमी चालते. ओतीव लोखंडाचे जुने बेड मुरलेले असते, भक्कम असते, आणि तसे नवे घ्यायचे म्हटले तर परवडत नाही. अशा मशीनवर एक तक्रार हमखास येते. टेबल सांगितलेल्या जागी पोहोचते, थांबते, आणि तीन-चार सेकंदांनी आपणहून चार मायक्रॉन पुढे सरकते. मग पुन्हा तीन-चार सेकंद स्वस्थ. मग चार मायक्रॉन मागे. कटर बंद आहे, हात कोणी लावलेला नाही, तरी एक मायक्रॉनच्या डायल गेजवर काटा चार रेघा इकडे, चार रेघा तिकडे असा जात राहतो. मशीन रात्रभर चालू ठेवले तर हे रात्रभर चालेल. कारखान्यात याला हंटिंग म्हणतात.

पुढील पाने अशा ड्राइव्हची जुळवणी आणि देखभाल करणाऱ्यांसाठी आहेत. त्यात येणारी गणिते आणि आलेख नीट कळायचे तर हे चार मायक्रॉन कुठून येतात ते आधी स्वच्छ दिसायला हवे. माझ्या अनुभवात या दोषावर सर्वाधिक वेळ वाया जातो तो चुकीच्या खुंटीला हात घातल्यामुळे. गेन कमी केला, इंटिग्रल कमी केला, फिल्टर लावला, आणि येरझार होती तशीच राहिली, हे वारंवार घडते. असे का होते याला नेमके कारण आहे, आणि ते साध्या बेरीज-वजाबाकीत बसते.

आधी घर्षणाकडे पाहू. पावसाळ्यात फुगलेला लाकडी ड्रॉवर ओढताना जो अनुभव येतो तोच इथे आहे: तो हलेपर्यंत जितका जोर लागतो तितका हलल्यावर लागत नाही, म्हणून तो हवा त्यापेक्षा जास्त बाहेर येतो. शार्ल कूलाँबच्या १७८५ साली छापलेल्या निबंधात हा फरक मोजलेला आहे. एकावर एक ठेवलेले पृष्ठभाग जितका वेळ स्वस्थ राहतात तितके त्यांना हलवायला जास्त बळ लागते, हेही त्याने नोंदवले होते. तेल घातलेल्या पृष्ठभागांचे चित्र १९०२ मध्ये रिचर्ड स्ट्रिबेकच्या बेअरिंगवरच्या मोजणीतून पुढे आले. टेबल स्थिर असताना त्याच्या वजनाखाली तेलाचा थर दबून बाहेर जातो आणि धातूचे सूक्ष्म उंचवटे एकमेकांना भिडतात. टेबल चालू लागले की तेल पुन्हा आत ओढले जाते, उंचवटे एकमेकांपासून सुटतात आणि घर्षण घटते. वेग आणखी वाढला की तेलाच्या चिकटपणामुळे ते पुन्हा वाढू लागते. वेग आडव्या अक्षावर आणि घर्षण उभ्या अक्षावर काढले तर आधी उतार, मग तळ, मग चढ असा वक्र मिळतो. त्याला स्ट्रिबेक वक्र म्हणतात. आपला सगळा त्रास या वक्राच्या पहिल्या उतारात आहे.

आता ड्राइव्ह. ड्राइव्हच्या दृष्टीने टेबल एका स्प्रिंगने ठरलेल्या जागेला बांधलेले असते, आणि त्या स्प्रिंगचा ताठपणा प्रपोर्शनल गेनने ठरतो. समजा तो मायक्रॉनला ५० न्यूटन आहे. जॉबसह टेबलाचे वजन ४०० किलो धरू, आणि स्लाइडवेवरचा स्थितिक घर्षणांक ०.१२. म्हणजे टेबल हलवायला सुमारे ४७० न्यूटन लागतील. चालू झाल्यावर घर्षणांक ०.०८ वर उतरतो, म्हणजे गतिक घर्षण सुमारे ३१० न्यूटन. बॉक्स-वे असलेल्या मध्यम आकाराच्या मशीनला शोभतील असे हे आकडे मांडणीसाठी घेतले आहेत. तुमच्या मशीनचे आकडे मोजूनच घ्यावे लागतील, आणि ते कसे मोजायचे ते पुढे येईल.

इंटिग्रल बंद ठेवला तर काय होईल? टेबल लक्ष्याजवळ आले की स्प्रिंग सैल पडत जाते. चूक ९ मायक्रॉन उरली असेल तर ड्राइव्ह ४५० न्यूटन लावतो, घर्षण ४७० पर्यंत धरून ठेवू शकते, म्हणून टेबल तिथेच बसून राहते. म्हणजे लक्ष्याच्या दोन्ही बाजूंना साधारण साडेनऊ मायक्रॉनच्या पट्ट्यात टेबल कुठेही अडकू शकते. येरझार नाही, पण अचूकताही नाही. हे चालत नाही म्हणूनच इंटिग्रल आणला जातो. त्याचे काम इतकेच की चूक जोवर शिल्लक आहे तोवर बळ वाढवत राहायचे. आपल्या उदाहरणात तो चुकीच्या प्रत्येक मायक्रॉनमागे दर सेकंदाला १०० न्यूटन साठवतो असे धरू.

आता टेबल लक्ष्याच्या अलीकडे २ मायक्रॉनवर अडकले आहे. प्रपोर्शनलचा वाटा २ गुणिले ५०, म्हणजे १०० न्यूटन. हा वाटा बदलत नाही, कारण टेबल हललेले नाही. इंटिग्रल मात्र सेकंदाला २०० न्यूटनने चढतो आहे. तो ३७० वर पोहोचला की दोन्हींची बेरीज ४७० होते आणि टेबल सुटते. सुटताक्षणी घर्षण ४७० वरून ३१० वर उतरते. मोटर मात्र अजून ४७० च लावते आहे. १६० न्यूटन अचानक मोकळे झाले, आणि ते टेबलाला पुढे ढकलतात.

टेबल पुढे जाईल तशी स्प्रिंग मायक्रॉनला ५० न्यूटनने सैल पडते. ३.२ मायक्रॉन गेल्यावर लावलेले बळ आणि घर्षण समसमान होतात, पण तोवर टेबलाला वेग आलेला असतो, म्हणून ते आणखी थोडे पुढे जाऊनच थांबते. किती पुढे, हे वेगाचे लूप किती ताठ आहे यावर अवलंबून. ते पाव पट जास्त जाते असे धरले तर एकूण उडी ४ मायक्रॉनची होते. ही सगळी घसरण सेकंदाच्या काही शतांशांत उरकते, आणि तेवढ्या वेळात इंटिग्रल जवळपास जागचा हलत नाही. टेबल आता लक्ष्याच्या पलीकडे २ मायक्रॉनवर आहे. मोटरवर इंटिग्रलचे ३७० आणि प्रपोर्शनलचे उणे १००, मिळून २७० न्यूटन आहेत. टेबल थांबले, तेल पुन्हा दबू लागले, घर्षणाची पकड पुन्हा ४७० झाली.

इंटिग्रेटरला आता उलट दिशेची चूक दिसते. तो सेकंदाला २०० न्यूटनने उतरू लागतो. टेबल मागे सुटायचे तर एकूण बळ २७० पासून उणे ४७० पर्यंत जायला हवे, म्हणजे ७४० न्यूटनचा प्रवास, आणि त्याला ३.७ सेकंद लागतात. मग टेबल ४ मायक्रॉन मागे उडी मारते, आणि हाच हिशेब उलट्या चिन्हाने पुन्हा सुरू होतो. पूर्ण फेरी ७.४ सेकंदांची. कुठेही काही वाढत नाही, कुठेही काही विरत नाही. नियंत्रणशास्त्रात अशा न वाढणाऱ्या, न विरणाऱ्या आवर्तनाला लिमिट सायकल म्हणतात. काट्याची ती चार रेघांची ये-जा ही होय.

या हिशेबात ४७० आणि ३१० हे आकडे वेगवेगळे कुठे कामाला आले ते पाहावे. उडीची लांबी ठरवली ती त्यांच्या फरकाने: १६० भागिले ५०. घर्षण एकूण किती आहे याला उडीच्या लांबीत काही स्थान नाही. समजा दुसऱ्या एका मशीनवर गतिक घर्षण तेच ३१० न्यूटन आहे, पण स्थितिक घर्षण त्याच्यापेक्षा फक्त २० न्यूटनने जास्त. तिथे उडी अर्ध्या मायक्रॉनची होईल आणि एक मायक्रॉनच्या स्केलला ती बहुधा दिसणारही नाही. फरक शून्य असेल तर सुटताना मोकळे होणारे बळच नसते. टेबल इंटिग्रलच्या चढत्या बळाबरोबर हळूहळू सरकते आणि चूक मिटत जाते. स्थितिक आणि गतिक घर्षण सारखेच असेल आणि पीआयडी लूप एरवी स्थिर असेल, तर टेबल अखेरीस लक्ष्यावरच विसावते, याची काटेकोर गणिती सिद्धता २०१८ मध्ये प्रसिद्ध झाली. म्हणून मशीनला घर्षण फार आहे म्हणून हंटिंग होते, असे कोणी म्हटले की मी आधी विचारतो: फार आहे, की सुटताना फार पडते?

आता इंटिग्रल कमी करण्याच्या उपायाकडे वळू, कारण सर्वांचा हात पहिल्यांदा तिकडेच जातो. इंटिग्रल निम्मा केला तर वरच्या हिशेबात काय बदलेल? बळाचा प्रवास ७४० न्यूटनचाच राहील, फक्त तो दुप्पट वेळ घेईल. फेरी १४.८ सेकंदांची होईल. उडी ४ मायक्रॉनचीच राहील. काटा कमी वेळा हलतो म्हणून काही मिनिटे बरे वाटते, पण फिनिशिंग पासमध्ये उडी पडायची तेव्हा पडतेच. शिवाय टेबल प्रत्येक खेपेला जास्त वेळ स्वस्थ राहते, आणि कूलाँबने नोंदवल्याप्रमाणे जास्त वेळ स्वस्थ राहिलेले पृष्ठभाग जास्त घट्ट धरतात. म्हणजे इंटिग्रल फार कमी केला तर उडी थोडी वाढण्याचाही संभव असतो.

प्रपोर्शनल गेन वाढवणे हा मात्र खरा उपाय आहे. ताठपणा मायक्रॉनला १०० न्यूटन केला तर उडी २ मायक्रॉनवर येते, आणि चूक निम्मी झाल्याने फेरीही लांबते. वेगाचे लूप जितके ताठ तितका तो पाव पटीचा वाढावाही कमी होतो. त्यामुळे हंटिंग दिसताच गेन उतरवणारा माणूस बहुतेक वेळा उलट्या दिशेने जात असतो. गेन किती चढवता येईल याला मर्यादा आहेच. स्क्रू, कपलिंग आणि टेबल मिळून जी यांत्रिक कंपने असतात ती एका टप्प्यावर गुणगुणू लागतात, आणि तिथे थांबावे लागते.

यातून आपण निदानाकडे येतो. टेबल हलते आहे एवढ्यावरून ते घर्षणाने हलते आहे असे ठरवता येत नाही. तीन वेगळे दोष वरवर एकसारखे दिसतात. ड्राइव्हच्या सॉफ्टवेअरमध्ये ट्रेस असतो. त्यात स्थितीची चूक आणि मोटरचा करंट अशा दोन रेषा एकाखाली एक, निदान २० सेकंदांच्या लांबीच्या, घ्याव्यात. घर्षणाचे हंटिंग असेल तर चुकीची रेषा चौकोनी दिसते: सपाट, उडी, सपाट, उडी. करंटची रेषा तिरकी चढते, उडीच्या क्षणी थोडी खाली तुटते, आणि मग तिरकी उतरते, म्हणजे त्रिकोणी करवतीसारखी. १० मिलिमीटर लीडच्या बॉलस्क्रूवर ४७० न्यूटन म्हणजे मोटरवर सुमारे पाऊण न्यूटन-मीटर. करवतीची टोके या आकड्याच्या आसपास, दोन्ही बाजूंना जवळपास सारखी असायला हवीत.

लूपच अस्थिर असेल तर दोन्ही रेषा गोलाईदार लाटा असतात, सेकंदाला अनेक, आणि बहुधा ऐकूही येतात. बॅकलॅश असेल तर मोटर मोकळ्या फटीत इकडून तिकडे जाते, टेबल जवळजवळ स्थिर असते, आणि फट ओलांडताना करंट शून्याजवळ राहतो. मोटरचा एन्कोडर आणि टेबलाची स्केल या दोन्हींच्या रेषा एकत्र पाहिल्या की हे लगेच कळते. तरीही शंका उरली तर इंटिग्रल निम्मा करून पाहावा. फेरी दुप्पट लांबली आणि उडी तेवढीच राहिली तर दोष घर्षणाचा. इंटिग्रल कमी करण्याचा मला मान्य असलेला उपयोग हा एवढाच, निदानापुरता. पाहून झाले की तो होता तिथे परत आणावा.

निदान झाल्यावर पाना हातात घेण्याआधी स्ट्रिबेक वक्र मोजावा. यासाठी वेगळे उपकरण लागत नाही. मशीन गरम करून टेबल ठरावीक वेगांनी दोन्ही दिशांना चालवावे, समजा मिनिटाला १, ५, २०, १०० आणि ५०० मिलिमीटर, आणि प्रत्येक वेगाला करंटची सरासरी लिहावी. पुढच्या आणि मागच्या दिशेच्या आकड्यांचा निम्मा फरक म्हणजे घर्षण. त्यामुळे केबल-चेनचा ओढा किंवा टेबलाच्या उतारामुळे येणारा कायमचा वाटा आपोआप गळून जातो. सुटण्याचे बळ काढायला ड्राइव्ह टॉर्क मोडमध्ये ठेवून करंट अगदी सावकाश चढवावा आणि स्केलचा आकडा पळू लागेल तिथला करंट टिपावा. पहिले काही मायक्रॉन टेबल पळत नाही, नुसते झुकते, कारण भिडलेले उंचवटे स्प्रिंगसारखे वाकतात आणि करंट काढला की परत येतात. ते सुटणे नव्हे. हा प्रयोग टेबलाच्या दोन्ही टोकांना आणि मधे असा करावा, कारण वर्षानुवर्षे मधेच काम झालेले बेड मधे झिजलेले असते आणि टोकांना घट्ट धरते. काही ड्राइव्ह मधल्या भागात शांत असतात आणि टोकाला हंटिंग करतात, ते यामुळेच.

उपायांमध्ये मी यांत्रिक उपाय आधी ठेवतो, आणि हा क्रम नुसता सवयीचा नाही. सॉफ्टवेअरचे सगळे उपाय १६० न्यूटनच्या त्या पडझडीसोबत जगायला शिकवतात, यांत्रिक उपाय ती पडझडच कमी करतात. पहिली पाहणी गिबची. झीज लपवण्यासाठी गिब कसून आवळलेली असते आणि त्यामुळे पृष्ठभागांवरचा दाब टेबलाच्या वजनाच्या कितीतरी पट होतो. मग तेल. स्लाइडवेसाठीच्या तेलात पृष्ठभागाला चिकटून राहणारे घटक मुद्दाम घातलेले असतात, आणि त्यांचे कामच स्थितिक घर्षण खाली आणण्याचे असते. त्या जागी हाताशी आहे म्हणून ६८ ग्रेडचे हायड्रॉलिक तेल ओतले की चिकटपणा तोच असतो, पण ते घटक नसतात, आणि दोन दिवसांत टेबल अडखळू लागते. टेलिस्कोपिक कव्हरचे वायपरही पाहावेत. सुकलेले, चिप्स रुतलेले रबर ओतीव लोखंडापेक्षा वाईट धरते.

सर्वांत परिणामकारक बदल म्हणजे टेबलाच्या खालच्या बाजूला कांस्य मिसळलेल्या टेफ्लॉनची पट्टी चिकटवून ती स्क्रॅप करून बसवणे. कारखान्यात ती टर्साइट या नावाने ओळखली जाते. टेफ्लॉनचे वैशिष्ट्य असे की त्याचे स्थितिक घर्षण गतिक घर्षणापेक्षा फारसे वेगळे नसते. म्हणजे आपल्या हिशेबातला १६० चा आकडा मुळापासून आक्रसतो. बेड तेच, मोटर तीच, ट्यूनिंग तेच, आणि उडी मात्र मायक्रॉनच्या अंशांवर येते. जुने मशीन सीएनसी करताना हा खर्च वाचवायचा आणि नंतर कंट्रोलरकडून त्याची भरपाई मागायची, हे मला अतिशय चुकीचे वाटते. लिनिअर गाइडवे आणि हायड्रोस्टॅटिक स्लाइडवे हे त्यापुढचे पर्याय आहेत, पण जुन्या बेडवर ते क्वचितच परवडतात.

यांत्रिक बाजू शक्य तितकी सुधारल्यावर जी येरझार उरेल तिच्यासाठी कंट्रोलरमधले उपाय. सर्वांत साधा उपाय असा की टेबल लक्ष्याच्या पुरेसे जवळ येऊन थांबले की इंटिग्रेटर गोठवायचा. पुरेसे म्हणजे किती, याचे उत्तर आपल्या हिशेबात आहे. टेबल पट्ट्याच्या काठाबाहेर जेमतेम असताना सुटले आणि ४ मायक्रॉन उडी मारली, तर त्याने पलीकडच्या काठाच्या आत पडायला हवे. म्हणजे पट्ट्याची एका बाजूची रुंदी उडीच्या निम्म्यापेक्षा जास्त हवी. इथे ती २ पेक्षा जास्त हवी, म्हणून ३ मायक्रॉन घेऊ. एक मायक्रॉनचा पट्टा ठेवला तर टेबल त्याच्यावरून उडी मारून पलीकडे जाईल आणि हंटिंग चालूच राहील. पट्टा लावूनही उपयोग झाला नाही अशी तक्रार येते तिथे बहुतेक वेळा पट्टा उडीच्या मानाने अरुंद असतो. गोठवण्याची आणि मोकळे करण्याची मर्यादा वेगवेगळी ठेवावी, नाहीतर काठावर बसलेले टेबल स्केलच्या एका मायक्रॉनच्या थरथरीनेही इंटिग्रेटर चालू-बंद करत राहते.

```
if (fabs(e) < 3.0 && fabs(v) < v0) hold = 1;
if (fabs(e) > 5.0) hold = 0;
if (!hold) I += Ki * e * dt;
```

यात `e` ही मायक्रॉनमधली चूक आणि `v` हा वेग. वेगाची अट महत्त्वाची आहे. ती नसेल तर टेबल लक्ष्यावरून भरधाव जातानाच इंटिग्रेटर गोठू शकतो. इंटिग्रेटर गोठवतो, शून्य करत नाही, हेही लक्षात घ्यावे. टेबल थांबल्यावर मोटर २७० न्यूटन लावून उभीच राहते, आणि घर्षण ते पेलते. कटर जॉबला लागला की त्याच्या कंपनांनी घर्षण सैल पडते आणि हे साठलेले बळ टेबलाला हळूच सरकवू शकते. म्हणून पट्ट्यातली चाचणी स्पिंडल बंद ठेवून पुरेशी होत नाही. तीच चाचणी कट चालू असताना डायल लावून पाहावी. उभ्या अक्षावर तर इंटिग्रलचा मोठा भाग गुरुत्वाकर्षणाचा भार पेलत असतो. तिथे तो शून्य करणे म्हणजे हेड खाली सोडणे होय.

पट्टा म्हणजे ३ मायक्रॉनपर्यंतची चूक मान्य करणे. ती मान्य नसेल तर इंटिग्रेटर रिसेट करण्याच्या पद्धती आहेत. टेबल लक्ष्य ओलांडते त्या क्षणी इंटिग्रेटरमध्ये साठलेले ३७० न्यूटन चुकीच्या बाजूचे झालेले असतात. ते सावकाश उतरण्याची वाट न पाहता तत्काळ बदलायचे, ही त्यामागची कल्पना. नेदरलँड्समधील आइंडहोव्हन येथील संशोधकांनी अशा रिसेट इंटिग्रेटरची स्थिरता सिद्ध करून तो इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाच्या नमुना सरकवणाऱ्या यंत्रणेवर वापरून दाखवला आहे. बाजारातल्या सर्व्हो ड्राइव्हमध्ये मात्र ही सोय तयार मिळेल असे गृहीत धरू नये.

डिदरबद्दल थोडे. मोटरला सतत एक बारीक, वेगवान कंपन देत राहिले तर पृष्ठभाग एकमेकांना धरूच शकत नाहीत, आणि स्थितिक घर्षण प्रकट होण्याआधीच मोडते. हायड्रॉलिक सर्व्हो व्हॉल्व्हच्या स्पूलसाठी हा उपाय पूर्वापार रुळलेला आहे, कारण तो स्पूल हलका असतो. चारशे किलोचे टेबल आणि त्याच्याआधी लांब स्क्रू असेल तर कंपन स्क्रूमध्येच विरते, आणि टेबलापर्यंत पोहोचेल इतके वाढवले तर बेअरिंग आणि नट झिजतात. मशीन टूलवर मी तो टाळतो.

घर्षण भरपाई, म्हणजे फ्रिक्शन कॉम्पेन्सेशन, हे नाव ड्राइव्हच्या पॅरामीटर यादीत दिसते आणि हंटिंगसाठी तेच औषध असावे असे वाटते. ते कशावर चालते ते आधी पाहावे. ते आज्ञा केलेल्या वेगावर चालत असेल तर वर्तुळ कापताना दिशा बदलते तिथे उठणारे ओरखडे ते छान पुसते, पण उभ्या टेबलाला आज्ञा केलेला वेग शून्य असतो, म्हणून येरझारीवर त्याचा काहीच परिणाम होत नाही. ते मोजलेल्या वेगावर चालत असेल तर भरपाई प्रत्यक्ष घर्षणापेक्षा कमीच ठेवावी लागते. जास्त झाली की ड्राइव्ह स्वतःच घर्षणाच्या उलट ढकलू लागतो आणि नवीन येरझार निर्माण करतो, मग इंटिग्रल असो वा नसो. सकाळी थंड मशीनवर मोजलेला आकडा तेल गरम झाल्यावर खोटा पडतो, म्हणून गरम मशीनवरच्या सर्वांत कमी घर्षणाच्या साधारण पाऊणपटीपलीकडे मी जात नाही.

शेवटची अडचण स्केलची. मोटरच्या एन्कोडरवर चालणाऱ्या मशीनला काचेची स्केल जोडली की हंटिंग नव्याने सुरू झाल्याचे अनेकांनी पाहिले असेल, आणि दोष स्केलवर टाकला असेल. स्केल नसताना नियंत्रण मोटरपाशी संपत होते. टेबल स्क्रूच्या पलीकडे काही मायक्रॉन अडकलेले होते, ते कोणाला दिसत नव्हते. स्केलने ती चूक इंटिग्रेटरला दाखवली. आता मोटर स्क्रूला पीळ देत जाते, टेबल बसून राहते, आणि सुटते तेव्हा ड्राइव्हच्या स्प्रिंगबरोबर स्क्रूत साठलेला पीळही त्याला ढकलतो. दोन स्प्रिंगा एकामागे एक जोडल्या की मिळून त्या नरम होतात, म्हणजे मायक्रॉनला ५० न्यूटन हा आपला आकडा घटतो आणि उडी वाढते. म्हणून स्केल बसवलेल्या जुन्या मशीनवर स्क्रूचे थ्रस्ट बेअरिंग, नटचा प्रीलोड आणि टेबलाखालची नटाची ब्रॅकेट यांची तपासणी ट्यूनिंगच्या आधी करावी. ब्रॅकेटचा एक सैल बोल्ट हा ताठपणा निम्म्यावर आणू शकतो, आणि पुढच्या प्रकरणातला पहिला ट्रेस अशाच एका बोल्टचा आहे.